मातीच्या रंगाचे पक्षी

मोर ओळखायला प्रस्तावना लागत नाही. पिसारा फुलवलेल्या नराचा फोटो कितीही लांबून काढलेला असो, हललेला असो, पाहणाऱ्याला शंका येत नाही. म्हणून बारामती आणि इंदापूर तालुक्यांतल्या या छायाचित्र-संग्रहात तसे फोटो मोजकेच ठेवले आहेत. बाकीची पानं मातीच्या रंगाच्या पक्ष्यांची आहेत. मुरमावर दबून बसलेले, बाजरीच्या तासातून पाठमोरे निघालेले, चारीच्या कडेनं पिल्लं घेऊन चाललेले. फोटो पाठवणाऱ्यानं खाली 'लावी?' असं लिहिलेलं असतं, किंवा 'तितर असावा', किंवा, सगळ्यात ठासून, 'रानकोंबडी'.

या चिठ्ठ्या वाचून लक्षात आलं की लोक नरापाशी फारसे अडत नाहीत. पुस्तकात नराचं चित्र मोठं असतं, मादी त्याच्यामागे अर्धी झाकलेली आणि पिल्लू बहुधा नसतंच. शिवारात नेमकं उलटं. तिथे नर आवाज देतो आणि दिसत नाही. दिसते ती मादी, अर्धवट वाढलेली पोरं आणि पायाखालून पळणारी लोकरीची गुंडी. त्यामुळे ही प्रस्तावना बहुतेक मादीवर आणि पिल्लांवरच खर्च केली आहे.

आधी इथे कोण असू शकतं ते पाहू. हे दोन्ही तालुके पर्जन्यछायेतले, वर्षाला जेमतेम पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणारे. पण एकाच तालुक्यात दोन वेगळे मुलूख आहेत. नीरेच्या कालव्याखाली आणि उजनीच्या फुगवट्याच्या कडेनं ऊस, चारी, केळी आणि बारमाही ओल. त्याच्या वरच्या अंगाला कुसळी गवताचे माळ, तरवड, बोरी, हेकळ, मुरमाड उतार. सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य (1997 साली जाहीर झालेलं, सव्वापाच चौरस किलोमीटरही न भरणारं) आणि इंदापुरातली कडबनवाडी ही त्या माळाची नावाजलेली ठिकाणं. लोक तिथे चिंकारा बघायला जातात आणि चिंकाऱ्याकडे जाताना वाटेत पायाखालून जे फुर्रकन उडतं त्याकडे कोणी पाहत नाही.

या दोन मुलखांत मिळून कोंबडीच्या कुळातले पक्षी मोजके आहेत. मोर सगळीकडे. साधा करडा तितर सगळीकडे, बांधावर तर हमखास. ठिपक्यांचा तितर, ज्याला चितूर किंवा रंगीत तितर म्हणतात, तो दाट गवतात आणि पिकात, आणि कळतो तो पावसाळ्यात, कारण तेव्हाच तो ओरडतो. लाव्यांमध्ये दोन घराणी: पिकात आणि गवतात राहणारे लावे आणि माळावरच्या झुडपांत थव्यानं राहणारे लावे. रानकोंबडा मात्र या यादीत नाही. त्याची गोष्ट पुढे येईल.

माळावरच्या झुडपी लाव्यांतल्या एकाला शास्त्रीय नाव मिळालं ते याच दख्खनच्या पठारावरच्या कामातून. मुंबई सरकारचा सांख्यिकी अधिकारी म्हणून पुण्यात बसून कर्नल विल्यम हेन्री साइक्स या मुलखाची मोजदाद करत होता, आणि त्याच फिरतीत त्यानं पक्षीही जमवले. दख्खनच्या पक्ष्यांची त्याची यादी 1832 साली लंडनच्या प्राणिशास्त्र सोसायटीच्या नियतकालिकात आली. खडकाळ माळावरच्या लाव्याच्या 'पर्डिक्युला अर्गुंडा' या नावातलं 'अर्गुंडा' तिथलं. साइक्सला एक सोय होती, त्याच्या हातात मेलेला पक्षी होता. पंख उघडून बघता येत होता, पाय मोजता येत होता. आपल्या हातात फोटो असतो आणि फोटोत सगळ्यात आधी हरवतं ते माप. तीस सेंटिमीटरचा तितर आणि सोळा सेंटिमीटरचा लावा, प्रत्यक्षात एकमेकांच्या जवळपासही जात नाहीत. पण जवळ ओढून कापलेल्या फोटोत दोघेही सारखेच गोल, सारखेच तपकिरी, सारखेच बुटक्या शेपटीचे.

माप परत मिळवायची एक युक्ती या भागात आयती पडलेली असते. उसात, डाळिंबात, केळीत ठिबकच्या नळ्या पसरलेल्या असतात, आणि उसात सर्रास वापरली जाणारी नळी 16 मिलिमीटर जाडीची असते. फोटोत पक्ष्याशेजारी नळी दिसत असेल तर तुमच्याकडे मोजपट्टी आहे.

इंदापूर तालुक्यातल्या उसाच्या कडेचा, सप्टेंबरच्या मध्यावरचा एक फोटो घेऊ. चिठ्ठी होती, 'लावी आणि तिची पिल्लं'. सरीच्या टोकाला एक तपकिरी पक्षी, त्याच्या पायाशी चार पिल्लं, थोडं मागे एक मध्यम आकाराचा पक्षी, आणि पक्ष्याच्या अगदी पोटाखालून गेलेली काळी नळी. फोटो संगणकावर मोठा करून नळीची जाडी मोजली, 21 ठिपके भरली. पक्षी चोचीपासून शेपटीच्या टोकापर्यंत 420 ठिपके. म्हणजे पक्ष्याची लांबी वीस नळ्यांइतकी; वीस गुणिले सोळा, 320 मिलिमीटर. बत्तीस सेंटिमीटरचा लावा जगात नाही. हा तितर.

कुठला तितर, हे गळ्यानं सांगितलं. करड्या तितराचा गळा पिवळट-तांबूस, आणि त्या गळ्याला खालून एक बारीक काळी रेघ, तुटक दोरा बांधल्यासारखी. ठिपक्यांच्या तितराला हा दोरा नसतो. त्याचा चेहरा तांबूस असतो आणि छाती-पोटावर गोल पांढरे ठिपके भरलेले. करड्याच्या अंगावर ठिपका औषधालाही सापडत नाही, सगळ्या आडव्या बारीक रेघा. 'ठिपके की रेघा' एवढा एकच प्रश्न विचारला तरी या दोघांचा निकाल बहुधा लागतो. ठिपक्यांच्या तितराची मादीही ठिपक्यांचीच असते, फक्त तिचा गळा जास्त पांढुरका. उडतानाचा फोटो असेल तर शेपूट बघावी: करड्याच्या शेपटीची बाहेरची पिसं विटकरी, ठिपक्यांच्याची काळी. आपल्या फोटोत काळा दोरा स्पष्ट होता, रेघा होत्या. करडा तितर.

आता 'तिची' या शब्दाकडे येऊ. करड्या तितराचा नर आणि मादी रंगानं सारखेच. फरक पायात. नराच्या पायाच्या मागच्या बाजूला कोंबड्यासारखा टोकदार काटा असतो, मादीला बहुधा नसतो. या फोटोत पाय गुडघ्यापर्यंत पालापाचोळ्यात बुडालेले आहेत. काटा दिसत नाही म्हणून मादी म्हणणं म्हणजे खिशात हात घातलेल्या माणसाला थोटा म्हणण्यासारखं आहे. पिल्लं सोबत आहेत यावरूनही ठरत नाही, कारण या जातीत नर कुटुंबासोबतच फिरतो. म्हणून संग्रहात त्या फोटोखाली 'करडा तितर, पालक' एवढंच छापलं आहे.

मागचा मध्यम पक्षी या फोटोतला सगळ्यात शिकवणारा. तो 189 ठिपके भरला, म्हणजे नऊ नळ्या, साडेचौदा सेंटिमीटरच्या आत. पाठवणाऱ्यानं हाच पक्षी वेगळा कापून 'लावा नर' म्हणून दुसऱ्यांदा पाठवला होता. मापानं तो लावाच भरतो. पण तो आधीच्या विणीतलं किंवा याच विणीतलं पुढे गेलेलं तितराचं पोर आहे. तितराचं पिल्लू वाढताना काही आठवडे नेमकं लाव्याच्या मापाचं असतं आणि तेव्हाच लोक फसतात. त्याला ओळखायच्या खुणा तीन सापडल्या. पाय अंगाच्या मानानं जाड आणि उंच, लाव्याचे पाय बारीक आणि अंगाखाली झाकलेले असतात. डोक्यावर अजून लव, मानेवर नवी पिसं, म्हणजे पिसांचा मेळ बसलेला नाही. पूर्ण वाढलेला लावा नीटनेटका, शिवून काढल्यासारखा दिसतो. आणि तिसरी, शेपटीच्या कडेला विटकरी रंग डोकावतो आहे. मूळ फोटो नसता, फक्त कापलेला तुकडाच आला असता, तर हे पोर आज लाव्याच्या पानावर गेलं असतं. कापलेल्या फोटोबरोबर अख्खा फोटोही मागवायचा, हा नियम त्या दिवसापासून पडला.

नळीच्या मापाला मर्यादा आहेत. नळी आणि पक्षी कॅमेऱ्यापासून सारख्या अंतरावर हवेत. नळी हातभर पुढे असली तर ती जाड दिसते आणि पक्षी लहान मोजला जातो. पातळ भिंतीची नळी पाणी बंद झालं की चपटी पडते आणि रुंद दिसते, तिथेही हीच चूक होते. आणि पुस्तकातली लांबी ताणून मोजलेल्या पक्ष्याची असते, दबून बसलेला जिवंत पक्षी त्याहून बराच आखूड भरतो. म्हणून हे माप तितर आणि लावा वेगळे करायला पुरतं. दोन लाव्यांमधला एक-दोन सेंटिमीटरचा फरक त्यातून काढायला जाऊ नये.

लाव्यांपाशी आलो की मला स्वतःला कायम घाम फुटतो. मराठीत आपण सगळ्यांना एकच शब्द वापरतो आणि तो शब्द निदान चार-पाच जाती आणि एक पूर्ण वेगळं कूळ पोटात घेतो.

पिकातल्या लाव्यांपासून सुरुवात करू. पाऊस पडला, बाजरी गुडघ्याएवढी झाली की रानातून दोन ठोक्यांची शीळ येऊ लागते. तो काळ्या छातीचा लावा, इंग्रजीत ज्याला रेन क्वेल म्हणतात. नराच्या छातीवर काळा डाग आणि तोंडावर काळ्या-पांढऱ्या ठळक रेघा. त्याला चुकण्याचं कारण नाही. दुसरा येतो थंडीत, उत्तरेकडून, हरभऱ्याच्या आणि ज्वारीच्या रानात. तो साधा लावा, अंगानं थोडा मोठा, नराच्या गळ्यावर नांगराच्या आकाराची गडद खूण. याचा आवाज तीन ठोक्यांचा. पण दोघांच्या माद्या जमिनीवर बसलेल्या फोटोत जवळपास सारख्या: फिक्या पिवळट रेघा, छातीवर ठिपके, डोळ्यावर फिकी भुवई. फरक पंखाच्या लांब पिसांत आहे. साध्या लाव्याच्या त्या पिसांवर फिके आडवे पट्टे असतात, काळ्या छातीच्या लाव्याची पिसं कोरी. बसलेल्या पक्ष्याची ही पिसं मिटलेली, त्यामुळे फोटो उडतानाचा नसेल तर महिना बघायचा. जुलैत बाजरीतली पिल्लंवाली मादी काळ्या छातीच्या लाव्याची समजायला हरकत नाही, कारण साधा लावा इकडे थंडीचा पाहुणा. जानेवारीतली मादी मात्र दोन्हीपैकी कुठलीही असू शकते, आणि तिथे 'लावी, जात नक्की नाही' असं छापण्यात कमीपणा नाही. संग्रहात असे फोटो आहेत. शिवाय जपानी लावा हा एक उपटसुंभ आहे. तो अंड्या-मांसासाठी खुराड्यात पाळतात, साध्या लाव्याचा तो सख्खा भाऊ शोभेल, आणि घराजवळ, रस्त्याकडेला, माणसाला न घाबरता फिरणारा लावा फोटोत आला तर आधी जवळपास कोणाची शेड आहे का ते विचारावं.

माळावरचे झुडपी लावे या दोघांपासून स्वभावानं वेगळे. ते एकेकटे नसतात. तरवडाच्या बुडाशी आठ-दहा जण एकमेकांना चिकटून बसलेले असतात, तुम्ही अगदी पायाखाली घेईपर्यंत हलत नाहीत आणि मग एकदम दाही दिशांना फुटतात. रात्री झोपतातही गोल करून, शेपट्या आत आणि तोंडं बाहेर. म्हणून एका फोटोत पाच-सहा लावे एका झुडपाखाली असतील तर पिकातल्या लाव्यांचा विचार जवळपास सोडून द्यावा. यांच्या नरांचं पोट काळ्या-पांढऱ्या आडव्या पट्ट्यांचं. माद्यांचं पोट कोरं, फिक्या गुलाबी-तपकिरी रंगाचं, त्यावर एकही रेघ नाही. एकाच थव्यात पट्ट्यांचे आणि कोऱ्या पोटाचे पक्षी दिसले की लोकांना वाटतं दोन जाती एकत्र चरत आहेत; प्रत्यक्षात ते एकच कुटुंब असतं.

जाती इथेही दोन: साइक्सचा खडकाळ माळावरचा लावा आणि झाडोऱ्यातला रान लावा. नरांच्या पोटावरून त्यांना वेगळं करता येत नाही, डोक्यावरून करता येतं, आणि नवल म्हणजे इथे मादी नरापेक्षा सोपी. रान लाव्याच्या मादीचा गळा नरासारखाच ठसठशीत तांबूस असतो आणि डोळ्यावरून मानेपर्यंत लांब भुवई जाते. खडकावरच्या लाव्याच्या मादीचं डोकं सगळं धुवून निघाल्यासारखं: गळा फिका, भुवई जेमतेम. कडबनवाडीसारख्या उघड्या मुरमाड माळावर दुसरीची शक्यता जास्त, पण जागेवरून निकाल द्यायचा मोह टाळून गळा बघितलेला बरा. त्यातही एक खोड आहे. आपला मुरूम तांबडा. संध्याकाळच्या उन्हात तो खालून उजेड फेकतो आणि फिका गळा तांबूस दिसू लागतो. शंका आली की शेजारच्या पांढऱ्या दगडाकडे किंवा वाळल्या काडीकडे बघावं; ती जर फोटोत केशरी दिसत असेल तर गळ्याच्या रंगावर भिस्त ठेवू नये, भुवईवर ठेवावी, कारण भुवई उजेडानं उगवत नाही.

हे झुडपी लावे पाऊस ओसरल्यावर, हिवाळ्यातसुद्धा, विणीला असतात. त्यामुळे डिसेंबरात माळावर बोटभर पिल्लं दिसली तर 'आत्ता कशी?' म्हणून दचकायला नको, उलट ती वेळच त्यांच्याकडे बोट दाखवते.

आणि आता ते वेगळं कूळ. दिसायला लावा, वागायला लावा, पण पायाला तीनच बोटं. मागचं बोट नाही. हा पक्षी कोंबडीच्या कुळातला नाहीच. शास्त्रज्ञ त्याला टिटवी-तुतवारांच्या गणात बसवतात. लोकांनी त्याला लावाच म्हटलं आहे आणि मलाही दुसरं नाव सुचवायची हौस नाही, 'तीन बोटांचा लावा' म्हटलं की काम भागतं. फोटोत बोटं मोजायला मिळणं दुर्मिळ. त्याऐवजी डोळा बघावा: पट्ट्यांच्या जातीचा डोळा पांढरट, टाचणीच्या टोकासारखी बाहुली, त्यामुळे चेहऱ्यावर कायम आश्चर्य. पाय आणि चोच शिशाच्या रंगाची. दुसऱ्या एका जातीची चोच आणि पाय पिवळे. खऱ्या लाव्याचा डोळा गडद असतो आणि असं टक लावून बघत नाही.

या पक्ष्याच्या बाबतीत फोटोखालच्या चिठ्ठ्या हटकून उलट्या निघतात. एका फोटोत काळ्या गळ्याचा ठळक पक्षी होता, चिठ्ठी 'नर'. दुसऱ्यात फिका पक्षी चार पिल्लांना पंखाखाली घेऊन बसलेला, चिठ्ठी 'आई'. दोन्ही चूक. इथे मादी मोठी आणि रंगानं भारी, काळा गळा तिचा. ती अंडी घालून दुसऱ्या नराकडे जाते. अंडी उबवतो आणि पिल्लं सांभाळतो तो फिका, लहान नर. 'आई' लिहिणाऱ्या शेतकरी बाईंना हे फोनवर सांगितलं, तेव्हा त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या, "अगं बया, म्हणजे बापच पोरं घेऊन बसलाय!" त्यांनी घरात कोणाला तरी हाक मारून तो फोटो पुन्हा बघायला लावला.

मोराकडे यायला उशीर झाला, पण मोरालाही मोर नसल्यासारखे दिसण्याचे महिने असतात. बारामती तालुक्यातल्या मोरगावच्या नावातच मोर आहे आणि कऱ्हाकाठी लांडोरी दिसत नाहीत असा आठवडा जात नाही. तरी ऑक्टोबर-नोव्हेंबरातल्या फोटोंखाली 'मोठी लांडोर' असं हमखास लिहून येतं. पावसाळ्याच्या अखेरीस नराचा पिसारा गळतो आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी पुन्हा भरतो. मधल्या काळात तो बुटक्या, तपकिरी शेपटीनं फिरतो. ही त्याची खरी शेपूट. पिसारा म्हणजे शेपटीच्या वरची वाढलेली पिसं. अशा नराची मान आणि छाती निळीच राहते आणि पाठीलगत पंखावर काळ्या-पांढऱ्या बारीक पट्ट्यांची नक्षी असते. लांडोरीची मान खालच्या भागात हिरवी चमकते, चेहरा आणि पोट पांढुरकं, बाकी अंग तपकिरी. मान सावलीत असली तर निळं-हिरवं कळत नाही, तेव्हा पंखावरच्या पट्ट्या बघाव्यात.

खरी अडचण वर्षाच्या आतल्या नराची. तो अंगानं लांडोरच. त्याला उघडं पाडतो तो पंख. नराची उडण्याची मोठी पिसं दालचिनीच्या रंगाची, लांडोरीची साधी तपकिरी. बसलेल्या पक्ष्यात त्याची कड तेवढी दिसते, पण बांधावरून उडी मारतानाचा एक फोटो असला की शंका उरत नाही. पिसारा दुसऱ्या वर्षानंतर लांबू लागतो आणि चौथ्या वर्षापर्यंत भरतो, त्यामुळे डोळे नसलेला, अर्धामुर्धा पिसारा घेऊन फिरणारा पक्षी आजारी नसतो, पोरसवदा असतो.

मोराचं पिल्लू आणि तितराचं पिल्लू यांत गोंधळ होतो तो फक्त पहिल्या दिवसांत. तितराच्या पिल्लाच्या पाठीवरून तपकिरी पट्टा आणि त्याच्या कडेनं फिक्या रेघा, खारीची आठवण यावी असा. मोराचं पिल्लू फिकं पिवळट, मानेच्या मागे गडद डाग आणि तो डाग डोळ्यांपर्यंत ओघळलेला. पाय उंच, मान लांब, एकूण तोल जात असल्यासारखं. ते फार लवकर पंख वापरतं, दोन आठवड्यांचं पोर आईमागे फांदीवर चढतं, तेव्हा झाडावर बसलेलं एवढंसं पिल्लू दिसलं तर ते मोराचं समजावं. चारीच्या पाण्यात शिरणारी कोळशासारखी काळी पिल्लं मात्र यांपैकी कोणाचीच नाहीत, ती पाणकोंबडीची.

एक फोटो असाही आला: गावठी कोंबडी आणि तिच्यामागे मोराची तीन पिल्लं. पाठवणारा म्हणत होता की कोंबडीला मोर लागला असावा. ऊसतोडीत किंवा खुरपणीत मोराची अंडी उघडी पडतात, कोणीतरी कळवळून ती खुडूक कोंबडीखाली ठेवतं आणि 28 दिवसांनी हे कुटुंब तयार होतं. मोर वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. अंडी उचलणं, पिल्लं पाळणं हा गुन्हा आहे, हेतू कितीही चांगला असो. सरीची तेवढी कड तोडायची ठेवून बाजूला होणं आणि वनखात्याला कळवणं, एवढंच करता येतं. तो फोटो संग्रहात घेतलेला नाही.

राहता राहिली 'रानकोंबडी'. आपल्या जिल्ह्यात करडा रानकोंबडा आहे, पण तो मुळशी, ताम्हिणी, भीमाशंकर अशा घाटातल्या झाडीत. इंदापूरच्या माळावर आणि नीरेच्या उसात तो नाही. या दोन तालुक्यांतून 'रानकोंबडी' म्हणून आलेला प्रत्येक फोटो गावठी कोंबडीचा निघाला, वस्तीपासून लांब चरायला गेलेली, किंवा तितराचा. खरी रानकोंबडी पाहायची तर तिची छाती बघावी: पांढरी पिसं, प्रत्येकाला गडद कड, मासळीच्या खवल्यांसारखी. गावठी कोंबडीत अशी छाती सापडत नाही, आणि तुराही गावठीचा मोठा, रानकोंबडीचा नावापुरता. गावठी कोंबडीचा मूळ पूर्वज लाल रानकोंबडा असला तरी तिच्या पिवळ्या पायांचं जनुक करड्या रानकोंबड्याकडून आलं आहे, असं 2008 साली संशोधकांनी दाखवलं. म्हणजे पिवळे पाय बघून 'हिच्यात रानाचं रक्त आहे' म्हणणारे शेतकरी अगदीच चुकत नव्हते. फक्त तेवढ्यानं ती रानकोंबडी ठरत नाही.

फोटो पाठवणाऱ्यांना एक विनंती. चार फोनांतून फॉरवर्ड होत आलेला फोटो दाबला जातो, पिसांवरच्या बारीक रेघा पुसल्या जातात आणि तारीखही गळून पडते. वर पाहिलंच की जानेवारीतली आणि जुलैतली मादी तारखेवरच वेगळी होते. मूळ फाइल पाठवा, महिना लिहा, पीक लिहा, आणि आवाज ऐकला असेल तर किती ठोक्यांचा ते लिहा. जागेचं नाव तालुक्यापुरतंच छापलं आहे. तितर आणि लावे फासे लावून धरणारे आजही आहेत, त्यांना घरट्याचा पत्ता आम्ही द्यायचं कारण नाही.

शेवटच्या पानावरचा फोटो बारामती तालुक्यातला, फेब्रुवारीतला, कापणी झालेल्या ज्वारीच्या रानातला. धसकटांच्या मधोमध एक लावी, आम्हाला पूर्ण पाठमोरी. पंख मिटलेले, गळा पलीकडे, पाय ढेकळाआड. धसकटाच्या मानानं लाव्याच्याच मापाची, एकटी, आणि पाठीवर फिक्या पिवळट रेघा. झुडपी लावा नाही, तीन बोटांचा बहुधा नाही. पाठवणाऱ्यानं चिठ्ठीवर काहीच लिहिलं नव्हतं. आम्हीही त्याखालची ओळ तशीच कोरी सोडली आहे.